आठ, पाच, तीन आणे : सामायिक पंपाच्या दुरुस्तीबिलाची वाटणी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावातले आहे. विकास सोसायटीच्या सचिवपदावर अनेक वर्षे काम केल्यामुळे गावातले हिशेबाचे तंटे अजूनही माझ्याकडे येतात आणि हाही तसाच आला. संबंधितांच्या संमतीने तो येथे मांडला आहे. ओळख पटू नये म्हणून तिघांचा उल्लेख दादा, तात्या आणि वहिनी असा केला आहे. आकडे मात्र मूळ हिशेबातलेच आहेत.

पार्श्वभूमी

दादा आणि तात्या हे चुलतभाऊ. वहिनींचे यजमान या दोघांपेक्षा वयाने मोठे होते. २०२१ मध्ये या तिघा भाऊबंदांनी नदीकाठच्या जुन्या विहिरीचे बांधकाम नीट करून घेतले, तिच्यात १५ एचपीचा पाणबुडी पंप बसवला आणि तिथून मळ्यापर्यंत सुमारे १,४०० मीटर पाइपलाइन नेली. एकूण खर्च ८ लाख रुपये झाला. त्यातले ४ लाख दादांनी, अडीच लाख तात्यांनी आणि दीड लाख वहिनींच्या यजमानांनी घातले. म्हणजे ५० हजार रुपयांना एक आणा असे धरले, तर दादांचे आठ आणे, तात्यांचे पाच आणे आणि वहिनींच्या घरचे तीन आणे झाले. आण्याचे नाणे १९५७ मध्ये दशमान पद्धत आली तेव्हाच व्यवहारातून जाऊ लागले, पण विहिरीतला हिस्सा आमच्याकडे अजूनही सोळा आण्यांतच सांगितला जातो आणि जुन्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात तो तसाच लिहिलेला सापडतो. या प्रकरणात ती पद्धत फार उपयोगी पडली, त्यामुळे पुढेही मी आण्यांतच लिहिणार आहे.

शंभर रुपयांच्या मुद्रांकावर तिघांनी एक कागद केला होता. त्यात प्रत्येकाने घातलेली रक्कम, आण्यांतला हिस्सा आणि पाण्याच्या पाळ्या स्पष्ट लिहिल्या होत्या. पाळीचे चक्र सोळा दिवसांचे असून त्यात आठ दिवस दादांचे, पाच तात्यांचे आणि तीन वहिनींचे होते. दुरुस्तीचा खर्च कोणी किती करायचा, याबद्दल मात्र कागदात एक ओळही नव्हती. नवा पंप बसवताना तो जळेल असा विचार कोणाच्या मनात येत नाही.

२०२३ मध्ये वहिनींचे यजमान वारले आणि शेतीचा सारा कारभार वहिनींवर आला. त्याच सुमारास दादांनी आपल्या उसाला ठिबक केले. त्यांची पाण्याची गरज कमी झाली आणि त्यांच्या पाळीतले उरलेले तास मागून घेऊन तात्या आणि वहिनी वापरू लागले. ही देवाणघेवाण गोडीने चालली होती, कोणी त्याचे पैसे मागितले नव्हते.

अडचण

एप्रिल २०२५ मध्ये, उसाला पाण्याची सर्वांत जास्त ओढ असताना, रात्री तात्यांच्या पाळीत मोटार जळाली. तीन फेजपैकी एक फेज गेली आणि उरलेल्या दोन फेजवर मोटार तशीच चालत राहिली. अशा वेळी मोटार बंद पाडणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे साधन स्टार्टरच्या पेटीत होते, पण ते दोन महिन्यांपूर्वी बिघडले होते आणि वायरमनने त्याला बगल देऊन थेट जोडणी करून दिली होती. हे तिघांनाही ठाऊक होते.

दादा त्या आठवड्यात मुलीच्या सासरी गेले होते आणि तात्यांच्या हातात रोख रक्कम नव्हती. मोटार भरून देणाऱ्या कारागिराने आधी पैसे दिल्याशिवाय काम हाती घेणार नाही, असे सांगितले. तेव्हा वहिनींनी मुलाच्या महाविद्यालयाच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून २४,००० रुपये काढून दिले. दादा परतल्यावर त्यांनी कारागिराचे उरलेले २,१०० रुपये आणि नव्या केबलचे ९,१०० रुपये दिले. विहिरीतून मोटार काढण्याची व पुन्हा सोडण्याची मजुरी ४,८०० रुपये झाली. त्यातले ४,००० तात्यांनी आणि ८०० दादांनी दिले.

पाचव्या दिवशी पाणी सुरू झाले आणि सहाव्या दिवशी वाद सुरू झाला. सर्वांत लहान हिस्सा असलेल्या व्यक्तीने सर्वांत जास्त पैसे दिले होते. ते परत किती मिळायला हवेत, याची दोन घरांत तीन उत्तरे होती. तात्यांचे म्हणणे असे की वहिनींचे २४,००० आपण दोघांनी आठास पाच या प्रमाणात परत करू. दादांच्या मुलाचे म्हणणे असे की भागीदार तीन आहेत, तर बिलाचेही तीन सारखे भाग करा. खुद्द दादांचे म्हणणे याहून वेगळे होते. त्यांच्या मते ज्याने मोटार जितके तास चालवली, त्याने तितके भरावे. वहिनींनी आकडा सांगितला नाही. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “भाऊजींनी मला जास्त द्यावेत असं नाही. जे माझ्याकडं लागतं ते मी देते, पण माझ्याकडं किती लागतं तेवढं कोणीतरी नीट सांगा.”

त्यांच्या या बोलण्यात हिशेबाचा योग्य क्रम आलेला आहे. आधी आपल्याकडे किती लागते ते ठरवायचे आणि आपण किती दिले ते त्यानंतर पाहायचे. बाकीचे सगळे जण नेमके याच्या उलट चालले होते. त्या रात्री कोणी किती दिले, यापासून ते सुरुवात करत होते आणि त्या आकड्यांनाच हिस्सा चिकटवत होते.

वाटणीचे पर्याय

बैठक माझ्या ओसरीवर झाली. आधी मी सर्व पावत्या मागितल्या. तेव्हा तात्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. मोटार तालुक्याच्या गावी नेण्या-आणण्याचे टेंपोभाडे १,६०० रुपये त्यांनी दिले होते आणि ते कोणाच्याच हिशेबात धरलेले नव्हते. तोपर्यंत सगळे ४०,००० रुपयांवर भांडत होते, प्रत्यक्षात बिल ४१,६०० रुपयांचे होते.

सारख्या वाटणीने प्रत्येकाकडे १३,८६७ रुपये लागत होते. हिस्सा कोठेच ठरलेला नसता, तर ही वाटणी वावगी ठरली नसती. कायदाही पुरावा नसेल तिथे समानतेकडेच झुकतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल, तर भागीदारांनी नफा आणि तोटा सारखा वाटून घ्यायचा असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४५ व्या कलमात, अनेकांनी आपापल्या पैशातून मिळून स्थावर मालमत्ता घेतली असेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा मानला जातो आणि कोणी किती घातले याचा पुरावा नसेल तरच हिस्से सारखे धरले जातात. ही कलमे पंपाच्या दुरुस्तीबिलाला थेट लागू होतात, असे मी म्हणत नाही. शिवाय सामायिक विहीर असल्यामुळे माणसे भागीदारी संस्थेचे भागीदार होत नाहीत, ती सहमालक असतात. पण कोणत्या परिस्थितीत काय गृहीत धरणे रास्त आहे, हे त्यांतून कळते. इथे मुद्रांकाचा कागद समोर होता आणि त्यावर रकमा लिहिलेल्या होत्या. वहिनींनी त्यातल्या पाळ्यांवर बोट ठेवले आणि त्या म्हणाल्या, “बिल सारखं वाटायचं असेल तर पाणीही सारखं वाटा. सोळा दिवसांतले पाच-पाच दिवस सगळ्यांना द्या.” दादांनी मुलाकडे पाहिले आणि तो पर्याय तिथेच संपला.

तासांप्रमाणे वाटणीचा पर्याय इतक्या सहज बाजूला सारता येण्याजोगा नव्हता. मोटार घरात पाळीची वही ठेवलेली होती. तिच्यात त्या हंगामाचे ८०० तास नोंदलेले होते. दादांचे ३००, तात्यांचे ३०० आणि वहिनींचे २००. म्हणजे तीनास तीन, दोन. या प्रमाणाने दादांकडे १५,६००, तात्यांकडे १५,६०० आणि वहिनींकडे १०,४०० रुपये लागत होते. दादांची बाजू अशी होती की त्यांच्या हक्काचे दिवस इतर दोघे फुकट वापरतात आणि झीज त्या वापराने होते, मग झिजेचा खर्च आठ आण्यांनी त्यांनीच का उचलावा? हा प्रश्न मला रास्त वाटला आणि आजही वाटतो. बेअरिंग घासले, पंख्याला वाळू लागून तो झिजला, असा खर्च असता तर मी तासांच्या बाजूने बोललो असतो.

पण ही मोटार झिजून बंद पडली नव्हती. दोन फेजवर चालल्यामुळे वळसे तापून जळाले होते. हा अपघात पाच तासांच्या पाळीत होतो तसा पंधरा मिनिटांतही होऊ शकतो. ज्याचा हिस्सा मोठा, त्याची या यंत्रातली मालमत्ता मोठी आणि यंत्र पुन्हा उभे राहिल्याचा लाभही मोठा. उद्या दादांनी आपला हिस्सा विकायला काढला, तर ते आठ आण्यांची किंमत मागतील, ठिबकामुळे पाणी कमी लागते म्हणून सहा आण्यांची मागणार नाहीत. हे मी दादांना विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग ते म्हणाले, “विकताना आठच आणे धरणार. मग भरतानाही आठच धरले पाहिजेत.”

मध्येच एक चौथा सूर निघाला होता. ज्याच्या पाळीत जळाली, त्याने भरावे. तात्या त्यामुळे दुखावले गेले होते. प्रिव्हेंटर बिघडल्याचे फक्त तात्यांना माहीत असते, तर या म्हणण्याला जोर होता. पण ते तिघांना माहीत होते आणि दोन महिन्यांत तिघांपैकी कोणीही ते बदलून घेतले नव्हते. त्या दोन महिन्यांत ज्या कोणाच्या पाळीत फेज जाती, त्याच्या पाळीत मोटार जळली असती. त्यामुळे हा मुद्दा मी लांबवू दिला नाही.

शेवटी तिघांनी मान्य केले की हे बिल आठ, पाच, तीन आण्यांप्रमाणे वाटायचे.

हिशेब कसा केला

प्रमाण ठरल्यावर हिशेब दोन पायऱ्यांचा उरतो. पहिल्या पायरीत कोणी किती दिले हे पूर्णपणे विसरून अख्खे बिल प्रमाणात वाटायचे. आठ, पाच आणि तीन यांची बेरीज सोळा. ४१,६०० ला सोळाने भागले की एका आण्याला २,६०० रुपये येतात. दादांचे आठ आणे म्हणजे २०,८००, तात्यांचे पाच म्हणजे १३,००० आणि वहिनींचे तीन म्हणजे ७,८००. दुसऱ्या पायरीत प्रत्येकाने दिलेली रक्कम त्याच्या वाट्यातून वजा करायची. कमी दिले असेल त्याचे देणे निघते आणि जास्त दिले असेल त्याचे येणे निघते.

| | वाटा | दिलेले | फरक |
|---|---|---|---|
| दादा | २०,८०० | १२,००० | ८,८०० देणे |
| तात्या | १३,००० | ५,६०० | ७,४०० देणे |
| वहिनी | ७,८०० | २४,००० | १६,२०० येणे |
| एकूण | ४१,६०० | ४१,६०० | ० |

दादा आणि तात्या यांनी द्यायच्या रकमांची बेरीज १६,२०० होते आणि वहिनींना यायची रक्कमही तितकीच आहे. देणे आणि येणे जुळले नाही, तर एखादी पावती राहिली आहे किंवा बेरीज चुकली आहे, असे समजावे. टेंपोची चिठ्ठी राहिली असताना हा तक्ता मांडला असता, तरी तो ४०,००० वर नीट जुळला असता, हेही लक्षात ठेवायला हवे. तक्ता जुळला म्हणजे आकडेमोड बरोबर आहे, पण सगळा खर्च त्यात आला आहे की नाही, हे तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी माणसांनाच विचारावे लागते.

तात्यांचा मूळ हिशेब का चुकतो, हे त्यांना समजावून सांगायला वेळ लागला, आणि ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती इथे सविस्तर लिहितो. वहिनींचे २४,००० आठास पाच प्रमाणात फेडायचे म्हटले, तर दादांकडून १४,७६९ आणि तात्यांकडून ९,२३१ रुपये निघतात. हे प्रमाण दिसायला बरोबर आहे, कारण दादा आणि तात्या यांच्यात ते खरोखरच आठास पाच आहे. पण यात वहिनींचे तीन आणे गळून पडतात आणि त्यांच्या खिशातून शेवटी काहीच जात नाही. शिवाय दादांनी आणि तात्यांनी आधीच भरलेले पैसे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे त्या दोघांतला भारही बिघडतो. तात्यांच्या मनात वहिनींवर अन्याय होऊ नये हीच भावना होती, तरी हिशेब चुकीचाच होता आणि त्याचा भुर्दंड खुद्द तात्यांनाही बसला असता.

चूक ओळखण्याची एक खूण मी त्यांना दाखवली. फेडाफेड झाल्यावर प्रत्येकाच्या खिशातून शेवटी एकूण किती गेले ते काढा आणि त्याला त्याच्या आण्यांनी भागा. वाटणी बरोबर असेल, तर तिघांचा भाव एकच यायला हवा. आमच्या तक्त्यात तो तिघांचाही २,६०० येतो. तात्यांच्या हिशेबात दादांच्या खिशातून २६,७६९ जातात, म्हणजे आण्याला ३,३४६. तात्यांच्या खिशातून १४,८३१ जातात, म्हणजे आण्याला २,९६६. वहिनींचा भाव शून्य. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक आल्यावर तात्यांनी स्वतःच आपला कागद घडी करून ठेवला.

दादांच्या मुलाने मोबाइलवर टक्केवारी काढली होती. पन्नास, एकतीस आणि एकोणीस. बेरीज शंभर होते, म्हणून त्याला ती बरोबर वाटली. खरे प्रमाण पन्नास, सव्वाएकतीस आणि पावणेएकोणीस टक्के असे आहे. त्याच्या पूर्णांकांनी तात्यांचा वाटा १२,८९६ आणि वहिनींचा ७,९०४ आला असता, म्हणजे १०४ रुपये विनाकारण वहिनींवर सरकले असते. रक्कम लहान आहे, पण दर बिलाला असे झाले तर ते नेहमी त्याच माणसाच्या अंगावर पडते. आणे हे पूर्णांकात आहेत, टक्के नाहीत. म्हणून आधी सोळाने भागावे, टक्क्यांच्या वाटेला जाऊ नये. सोळाने भाग जात नसेल, तेव्हा लहान हिस्सेदारांचे वाटे जवळच्या रुपयापर्यंत धरून उरलेली सारी रक्कम सर्वांत मोठ्या हिस्सेदाराच्या नावे लावावी, असे आम्ही ठरवले. त्यात फरक रुपया-दोन रुपयांचाच पडतो आणि बेरीज कधी फुटत नाही.

काय केले

दादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ८,८०० रुपये वहिनींच्या खात्यावर पाठवले. तात्यांकडे एकरकमी पैसे नव्हते. त्यांनी ४,००० लगेच दिले आणि उरलेले ३,४०० दूध डेअरीचे पंधरवड्याचे बिल हाती आल्यावर दिले. दोघांनीही पैसे थेट वहिनींना दिले. दादांनी तात्यांना आणि तात्यांनी वहिनींना द्यावेत, अशी साखळी एकाने सुचवली होती, कारण दादांचे तात्यांकडे गेल्या वर्षीच्या खताचे काही येणे होते. ते मी यात मिसळू दिले नाही. जुने येणे खरे असले तरी ते दोघांमधले होते. ते आत घेतले असते, तर वहिनींची परतफेड त्या दोघांच्या जुन्या वादावर अडकून पडली असती.

तात्यांनी व्याज द्यावे का, असा प्रश्न निघाला. पंधरा दिवसांच्या ३,४०० रुपयांवर वहिनींनी व्याज नको म्हटले आणि विषय संपला.

वीजबिलाची वाटणी त्याच बैठकीत वेगळी ठरली. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात २०२४ पासून मोफत वीज मिळते, पण हा पंप १५ एचपीचा असल्याने त्याचे बिल येते. त्या बिलात जोडभारावर लागणारा स्थिर आकार पंप चालवला नाही तरी भरावा लागतो. तो आण्यांप्रमाणे वाटायचे ठरले. युनिटप्रमाणे लागणारा आकार मात्र पाळीच्या वहीतल्या तासांप्रमाणे. दादांच्या म्हणण्यातला जो भाग रास्त होता, त्याला अशी जागा मिळाली, आणि दुरुस्तीबिलात आठ आणे भरण्याची त्यांची तयारी त्यामुळेच टिकली, असे मला वाटते.

यापुढे कोणा एकाला घरातल्या फीचे पैसे काढावे लागू नयेत, यासाठी आण्याला ५०० रुपये याप्रमाणे ८,००० रुपयांची गंगाजळी सुरू केली. दादांचे ४,०००, तात्यांचे २,५०० आणि वहिनींचे १,५००. गंगाजळीतून खर्च झाला की तो लगेच त्याच प्रमाणात पुन्हा भरायचा. यामुळे कोणी जास्त दिले आणि कोणी कमी, हा प्रश्न लहान बिलांपुरता उद्भवतच नाही, कारण प्रत्येकाचे पैसे आधीच योग्य प्रमाणात आत असतात.

निष्पत्ती

वहिनींचे १६,२०० रुपये मोटार जळाल्यापासून महिन्याच्या आत पूर्ण परत आले आणि मुलाची फी मुदतीत भरली गेली. मूळ मुद्रांकाच्या कागदाला पुरवणी जोडून तीन गोष्टी लिहिल्या. मोडतोड आणि नवे साहित्य आण्यांप्रमाणे, निव्वळ झिजेची दुरुस्ती आणि वीजयुनिटे तासांप्रमाणे, आणि कशाला झीज म्हणायचे याबद्दल मतभेद झाला तर मोटार भरणाऱ्या कारागिराचे म्हणणे मानायचे. ही तिसरी अट तात्यांनी सुचवली. ती कितपत चालेल, याबद्दल मला शंका आहे, कारण कारागीर ओळखीचा आणि तिघांचाही गिऱ्हाईक म्हणून संबंध असलेला आहे. पण तिघांना ती हवी होती.

ऑगस्टमध्ये पाइपलाइनचा एक सांधा निसटला. दुरुस्तीला २,४०० रुपये लागले, म्हणजे आण्याला दीडशे. ते गंगाजळीतून गेले आणि दादांनी १,२००, तात्यांनी ७५०, वहिनींनी ४५० रुपये पुन्हा भरले. यासाठी माझ्याकडे कोणी आले नाही. मला ते वही पाहताना कळले.

वेगळे काय करता आले असते

बैठकीच्या सुरुवातीला मी स्वतः एक चूक केली. पावत्या गोळा करताना मी प्रत्येकाला, “तुम्ही किती दिले?” असे मोठ्याने विचारले. त्यामुळे पहिली अर्धी घटका कोणी किती झळ सोसली, यातच गेली आणि तात्यांना आपली रक्कम सर्वांत कमी असल्याची लाज वाटली. ते त्यानंतर जरा चढ्या आवाजात बोलू लागले. आधी कागद उघडून प्रमाण ठरवायला हवे होते, मग एकूण बिल लिहायला हवे होते आणि दिलेल्या रकमा सर्वांत शेवटी विचारायला हव्या होत्या. हिशेबाचा जो क्रम बरोबर आहे, बोलण्याचाही तोच क्रम ठेवला असता, तर आवाज चढला नसता.

दुसरी गोष्ट २०२१ च्या कागदाची. हिस्सा लिहिला तेव्हाच “दुरुस्तीखर्च हिश्श्याप्रमाणे” हे दोन शब्द घातले असते, तर चारपैकी तीन पर्याय पुढे आलेच नसते. पण मला वाटते, तेव्हा ते शब्द लिहिले असते तर तासांचा मुद्दा दडपला गेला असता आणि दादांच्या मनात तो साचत राहिला असता. म्हणून असा कागद करताना कोणते बिल हिश्श्याने आणि कोणते वापराने, हे दोन्ही लिहावे.

आणि प्रिव्हेंटर. बाजारातली त्याची किंमत या बिलाच्या मानाने अगदी किरकोळ होती. ते दोन महिने बदलले गेले नाही, कारण ते कोणी आणायचे आणि पैसे कोणी द्यायचे, हे ठरलेले नव्हते. दादांना वाटले, सध्या पाणी ते दोघे जास्त घेतात, तर आणतील. तात्यांना वाटले, आठ आणे दादांचे आहेत. वहिनींना वाटले, आपण तीन आण्यांच्या, आपण काय सांगायचे. आता ते बसवले आहे, त्याची पावती गंगाजळीच्या वहीत पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे आणि दर पाळीच्या सुरुवातीला ते चालू असल्याची सही ज्याची पाळी असेल त्याने करायची, असे ठरले आहे.